शून्य आलेलं क्षेत्रफळ

बारावीच्या इंटिग्रेशनमध्ये एक हुकमी एक्का असतो. छेदात साइन-कोसाइन दिसले आणि दुसरं काही सुचेना, की tan(x/2) = t धरायचं. मग sin x = 2t/(1+t²), cos x = (1−t²)/(1+t²) आणि dx = 2dt/(1+t²). त्रिकोणमिती नाहीशी होते, उरतो तो बहुपदींचा साधा भागाकार. इंग्रजी पाठ्यपुस्तकांत ही युक्ती वायरश्ट्रासच्या नावावर खपते. पण त्याचा जन्म १८१५ चा, आणि ऑयलरने ती १७६८ मध्येच आपल्या ग्रंथात वापरली होती.

अर्धाच कोन का? एक त्रिज्येच्या वर्तुळावर (−1, 0) या बिंदूतून t चढाची रेषा काढा. ती वर्तुळाला आणखी एकाच ठिकाणी छेदते. तो बिंदू केंद्राशी x कोन करत असेल, तर परिघावरून तोच कोन x/2 दिसतो, म्हणून रेषेचा चढ tan(x/2). छेदनबिंदू काढताना वर्गसमीकरण येतं खरं, पण त्याचं एक उत्तर आधीच माहीत असल्याने दुसऱ्यासाठी वर्गमूळ घ्यावं लागत नाही. t = 1/2 घेतला, तर बिंदू मिळतो (3/5, 4/5), म्हणजे शाळेतला ३-४-५ चा काटकोन त्रिकोण.

आता 1/(5 + 4 cos x) हे फल घेऊ आणि त्याच्या आलेखाखालचं 0 ते 2π मधलं क्षेत्रफळ काढू. t घातल्यावर छेद (9 + t²)/(1 + t²) होतो, 1 + t² कटतो आणि उरतं 2dt/(9 + t²). त्याचं इंटिग्रेशन (2/3) tan⁻¹(t/3). इथवर सगळं सुरळीत.

मर्यादा मात्र घात करतात. x = 0 असताना t = 0, आणि x = 2π असताना tan π, म्हणजे पुन्हा 0. उत्तर शून्य! पण हे फल कुठेही 1/9 च्या खाली जात नाही, त्यामुळे क्षेत्रफळ निदान 2π/9 तरी हवंच.

चूक सूत्रात नाही. x = π ला पोचताना t अनंताकडे जातो आणि पलीकडे ऋण अनंतातून परत येतो. आपण त्या दरीवरून सरळ चालत गेलो. आलेख π च्या दोन्ही बाजूंना सारखाच असल्याने 0 ते π चं क्षेत्रफळ काढून दुप्पट करावं. तिथे t 0 पासून अनंतापर्यंत जातो, म्हणून (2/3)(π/2) = π/3. दुप्पट केल्यावर खरं उत्तर 2π/3, साधारण २.०९.

संगणकही यात फसले आहेत. ही खोटी तुटलेली जागा टाळून इंटिग्रेशन कसं करावं, यावर जेफ्री आणि रिच यांनी १९९४ मध्ये स्वतंत्र शोधनिबंध लिहिला.

तेव्हा मर्यादांच्या मध्ये π येतो का, ते आधी पाहा. आणि छेदात नुसते sin²x, cos²x असतील, तर अर्ध्या कोनाच्या वाटेला जाऊच नका. तिथे tan x = t धरलं की निम्म्या घातांकात काम होतं.