काटा फिरतो, सावली फिरत नाही

घड्याळांच्या जाहिरातींत बहुतेक वेळा दहा वाजून दहा मिनिटांच्या आसपासची वेळ दिसते. दोन्ही काटे वरच्या बाजूला सारखे पसरलेले असतात आणि बाराच्या आकड्याखालचं कंपनीचं नाव मोकळं राहतं. अनुभवी फोटोग्राफर फोटो काढण्यापूर्वीच काटे तिथे लावून घेतात. पण फोटो आधीच निघालेला असेल, घड्याळ हातातून गेलेलं असेल आणि फोटोत ४:३५ वाजलेले असतील, तर काटे संगणकावर नव्याने बसवावे लागतात. काटा कापायचा, फिरवायचा आणि चिकटवायचा, इतकं हे काम सोपं वाटतं. तरीही असा फोटो पाहताना काहीतरी खटकत राहतं आणि त्याचं मूळ बहुधा सावलीत असतं.

असंच एक घड्याळ घेऊ. भिंतीवरची पांढरी तबकडी, सपाट काळे काटे. खिडकी वर डावीकडे, म्हणून प्रत्येक सावली खाली उजवीकडे, साधारण चार आणि पाचच्या मधल्या दिशेला पडते. फोटोत ४:३५ वाजले आहेत, आपल्याला १०:१० करायचे आहेत.

आधी कोनांचा हिशेब करू. बारापासून घड्याळाच्या दिशेने मोजलं, तर मिनिटकाटा दर मिनिटाला ६ अंश सरकतो. तासकाटा तासाला ३० अंश, म्हणजे मिनिटाला अर्धा अंश सरकतो. त्यामुळे ४:३५ ला तासकाटा १३७.५ अंशांवर आणि मिनिटकाटा २१० अंशांवर असतो. १०:१० ला ते अनुक्रमे ३०५ आणि ६० अंशांवर हवेत. तासकाटा नेमका दहाच्या आकड्यावर ठेवणं ही इथली नेहमीची चूक. दहा मिनिटं उलटली की तो दहाच्या ५ अंश पुढे गेलेला असतो. कोणी वेळ वाचून पाहत नसलं, तरी दोन काट्यांचं नातं बिघडलेलं डोळ्यांना जाणवतं.

फोटो समोरून काढलेला नसेल, तर आणखी एक पायरी वाढते. बाजूने पाहिलेली तबकडी लंबगोल दिसते. समजा ती १००० पिक्सेल उंच आणि ८०० पिक्सेल रुंद आहे. मग उभा असताना ४०० पिक्सेल लांब दिसणारा काटा आडवा झाल्यावर ३२० पिक्सेलच दिसायला हवा. तसाच फिरवला, तर तो आकड्यांच्या बाहेर डोकावेल. म्हणून आधी तबकडी ताणून गोल करायची, त्यावर सगळं काम करायचं आणि शेवटी तेवढीच पुन्हा दाबायची.

आता काटे वेगळ्या लेअरवर कापून घ्यायचे, पण सावली सोडून फक्त काटे. मूळ तबकडीवरून काटे आणि सावल्या दोन्ही पुसायच्या. त्यासाठी शेजारचा रंग उचलून भरायचा. खिडकीकडची बाजू उजळ आणि दूरची मंद असते, म्हणून रंग अगदी जवळूनच घ्यावा. काट्याखाली झाकलेले आकडे आणि मिनिटांच्या रेषा हाताने पुऱ्या कराव्या लागतात.

काटे सावलीपासून वेगळे का करायचे, हे मिनिटकाट्यावरून लगेच कळतं. मूळ फोटोत तो सातावर आहे आणि त्याची सावली सहाच्या बाजूला पडली आहे. काटा आणि सावली एकत्र उचलून दोनावर नेली, तर सावली एकाच्या बाजूला येते, म्हणजे नेमकी खिडकीकडे. उजेडाच्या दिशेने सावली पडणं शक्यच नाही. दोनावरच्या काट्याची सावली तीनाच्या बाजूलाच हवी. काटा कुठेही वळला तरी खिडकी जागची हलत नाही, म्हणून सावली काट्याबरोबर फिरत नाही. ती काट्याचीच प्रत असते आणि दर वेळी त्याच दिशेला, तेवढ्याच अंतरावर सरकलेली असते.

हे अंतर मूळ फोटोतच सापडतं. काट्याच्या टोकापासून सावलीच्या टोकापर्यंत मोजायचं. समजा मिनिटकाट्यासाठी ते १४ पिक्सेल उजवीकडे आणि १४ खाली, म्हणजे तिरकं सुमारे २० भरलं. तासकाटा तबकडीच्या जास्त जवळ असतो, म्हणून त्याचं अंतर कमी असतं. समजा तिरकं १३. आता काटे नव्या जागी फिरवायचे. फिरवलेल्या प्रत्येक काट्याची काळी प्रत करून ती या मापाने सरकवायची आणि काट्याखाली ठेवायची.

सरकवल्यावर एक गोष्ट चकित करते. मिनिटकाट्याची सावली बाजूला जवळजवळ पूर्ण, १९ पिक्सेल दिसते, पण तासकाट्याची जेमतेम २ पिक्सेलची कड, नवाच्या बाजूला. इथे सावली जाडजूड करण्याचा मोह टाळायचा. दहाच्या पुढचा काटा आणि उजेड जवळपास एकाच रेषेत आहेत, त्यामुळे सावली काट्याच्याच लांबीवर सरकून त्याच्याखाली लपते. ४:३५ लाही हा काटा त्याच रेषेवर होता. तेव्हा सावली कडेला दिसत नव्हती, फक्त टोकाच्या पुढे थोडी आलेली होती. काट्याच्या कडेला मोजून अंतर काढणारा इथेच फसतो. टोकापाशी मोजलेलं अंतरच खरं.

मग सावलीचा गडदपणा. सावली कधीच निखळ काळी नसते, कारण खोलीतला उरलेला उजेड तिच्यात पडतच असतो. मूळ फोटोत मोकळ्या तबकडीचं मूल्य २३० आणि सावलीतलं १७० असेल, तर सावली हे मूल्य सुमारे एक चतुर्थांशाने कमी करते. तेव्हा सावलीचं लेअर मल्टिप्लाय पद्धतीने, साधारण २६ टक्के ओपॅसिटीवर ठेवायचं. खालचे आकडे आणि रेषा तिच्यातून दिसत राहतात. दोन्ही सावल्या आधी एकाच लेअरवर एकत्र करायच्या. वेगवेगळ्या ठेवल्या, तर केंद्राजवळ त्या एकमेकींवर येऊन दुप्पट गडद होतात. पण उजेड एकाच खिडकीतून येत असेल, तर एकदा अडलेला उजेड दुसरा काटा पुन्हा अडवू शकत नाही.

कडाही पाहाव्यात. मोठ्या खिडकीची सावली मऊ असते, छोट्या फ्लॅशची धारदार. मिनिटकाटा तबकडीपासून जास्त उंच असल्याने त्याची सावली तासकाट्याच्या सावलीपेक्षा थोडी अधिक पसरट असते. किती धूसर करायची, ते मूळ सावली मोठी करून पाहिल्यावरच ठरवावं.

काटे सपाट नसून मधे उभार असलेले पितळी असतील, तर त्यांची एक बाजू उजळ आणि दुसरी काळपट दिसते. सातावरच्या मिनिटकाट्याची आठाकडची कड उजळ होती. तो नुसता फिरवला, तर दोनावर तीनाकडची कड उजळ होते आणि ती तर खिडकीपासून दूरची आहे. अशा वेळी काटा त्याच्या लांबीच्या अक्षावर उलटा करून घ्यावा लागतो. काचेवर खिडकीचं प्रतिबिंब असेल, तर ते काट्यांच्या वर असतं. ते आधी वेगळं काढून सगळ्यात वर ठेवायचं, नाहीतर नवा काटा काचेच्या बाहेर तरंगताना दिसतो.

काम झाल्यावर फोटोतल्या इतर सावल्यांशी पडताळणी करावी. मधल्या टोपीची सावली कुठे आहे? उठावदार आकड्यांची कुठे? घड्याळाच्या कडेची सावली तबकडीवर कुठून सुरू होते? या सगळ्या काट्यांच्या सावल्यांशी एकाच दिशेने बोलल्या पाहिजेत. दुसऱ्याने बदललेला फोटो ओळखायचाही हाच मार्ग आहे. म्हणूनच वेळ जिथे पुरावा असते, अपघाताच्या किंवा हजेरीच्या फोटोत, तिथे काट्यांना हात लावू नये. जाहिरातीसाठी बदललेल्या फोटोची मूळ प्रतही जपून ठेवावी.

तबकडीवर बारीक कोरीव नक्षी असेल, तर पुसलेली जागा हाताने भरून काढणं जवळपास अशक्य होतं. घड्याळ अजून जवळ असेल, तर कॅमेरा तिपाईवर ठेवून त्याच उजेडात काटे हलवून दुसरा फोटो घ्यावा. पहिल्यात झाकलेली नक्षी दुसऱ्यात उघडी असते आणि नव्या जागी सावली कशी पडते, हेही त्यातच दिसतं.