चकलीचं तेल आणि फोडणीचं तेल

दिवाळीत एकदा मी हौसेनं लाकडी घाण्याचं शेंगदाणा तेल आणलं आणि चकल्यांसाठी कढईत ओतलं. पहिला घाणा सोडण्याआधीच तेलावर निळसर धूर दिसू लागला, डोळे चुरचुरले, आणि चकल्यांना शेवटपर्यंत एक जळकट वास राहिला. तेल भेसळीचं होतं म्हणून सासूबाईंनी दुकानदाराला मनसोक्त नावं ठेवली. पण दोष त्याचा नव्हता, निवड माझी चुकली होती.

तेल ज्या तापमानाला सतत धुरू लागतं, त्याला त्याचा स्मोक पॉइंट म्हणतात. रिफाइंड शेंगदाणा तेलाचा तो सुमारे २३० अंश सेल्सिअस असतो, घाण्याच्या तेलाचा मात्र साधारण १६०. शेंगदाणा तोच, मग एवढा फरक कशानं? घाण्याच्या तेलात सुटी मेदाम्लं आणि दाण्याचे बारीक कण राहतात. तेलाच्या इतर घटकांच्या मानानं ही मेदाम्लं लवकर उडून जातात आणि धूर होतो, कणही करपतात. रिफायनरीत हेच काढून टाकतात, आणि त्यांच्याबरोबर दाण्याचा खमंग वासही जातो. डोळे चुरचुरतात ते अॅक्रोलिनमुळे. तेल फार तापलं की त्यातल्या ग्लिसरॉलपासून ते तयार होतं.

चकली तळायला साधारण १७० ते १८० अंश तापमान लागतं. त्याहून थंड तेलात ती तेल पिते, जास्त गरम तेलात वरून लाल आणि आतून कच्ची राहते. म्हणजे १६० अंशांना धुरणारं तेल इथे पहिल्या मिनिटालाच हरतं. रिफाइंड तेलात ५० अंशांची मोकळीक मिळते. घरी थर्मामीटर नसला तरी पिठाची छोटी गोळी टाकून बघावी. ती तळाला बसून राहिली तर तेल थंड, लगेच काळवंडली तर जास्त गरम, आणि बुडबुडे काढत सावकाश वर आली की चकल्या सोडाव्यात.

मग सगळ्यात मोठा आकडा असलेलं तेल घ्यावं का? इथे भलेभले फसतात. करडईचं रिफाइंड तेल २५० अंशांच्याही पुढे जाऊन धुरतं, तरी तासभर चालणाऱ्या तळणीसाठी मी ते घेणार नाही. धूर होणं वेगळं आणि तेल खराब होणं वेगळं. नेहमीच्या करडई तेलात हवेशी झटकन संयोग पावणारी, म्हणजे बहुअसंतृप्त मेदाम्लं, सुमारे तीन चतुर्थांश असतात. त्यामुळे धूर दिसत नसतानाही ते आतून बिघडत जातं. शेंगदाण्यात अशी मेदाम्लं बरीच कमी, म्हणून कढईत तासभर तापत राहायला ते जास्त टिकाऊ. चकलीसाठी माझी पसंती रिफाइंड शेंगदाण्यालाच.

बाटलीवरचा आकडा ताज्या तेलाचा असतो, हेही लक्षात ठेवायला हवं. पदार्थातलं पाणी आणि उष्णता यांनी तेल तुटतं, सुटी मेदाम्लं वाढतात आणि स्मोक पॉइंट दर तळणीला खाली उतरतो. चकलीच्या नेहमीच्या आचेवर तेल धुरू लागलं, याचा अर्थ २३० चा आकडा १८० वर येऊन ठेपला. बारीक फेस विरेनासा झाला, तेल दाट आणि चिकट झालं, की त्यात नवं तेल मिसळून काही साधत नाही. बिघडलेल्या तेलात जे ध्रुवीय घटक साठतात, त्यांची मर्यादा अन्नसुरक्षा प्राधिकरणानं २५ टक्के ठरवली आहे. हा नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे.

फोडणीचं गणित उलटं. कढल्यातलं दोन चमचे तेल मोठ्या आचेवर मिनिटाच्या आत २०० अंशांपलीकडे जातं, कारण तापायला तेलच थोडं असतं. पण आपल्याला एवढी आच नकोच असते. मोहरीच्या दाण्यातल्या ओलाव्याची वाफ होऊन ती तडतडली की आच मंद करायची, मग जिरं, मग हिंग. हळद-तिखट घालताना गॅस बंद, कारण तेल धुरायच्या कितीतरी आधी तिखट करपतं. आमटीवर फोडणी पडली की तेल क्षणात १०० अंशांच्या आसपास येतं. सगळा खेळ मिनिटाभराचा, त्यात तेल बिघडायला वेळच मिळत नाही. मसाल्यांचे सुगंधी घटक तेलात विरघळतात, तेव्हा ते तेल स्वतःही चवदार असलेलं बरं. घाण्याचं शेंगदाणा, तीळ किंवा कोकणात खोबरेल इथे शोभतं.

वरणाला साजूक तूप. नीट कढवलेलं तूप २५० अंशांच्या आसपास धुरतं, लोणी मात्र १५० लाच करपू लागतं, कारण त्यात दुधाचा अंश असतो. तूप कढवताना हाच अंश बेरी होऊन खाली बसतो. तूप गाळताना बेरी राहिली, तर फोडणीत काळे ठिपके दिसतात ते तिचेच.

माझं ते घाण्याचं उरलेलं तेल पुढे महिनाभर आमटीच्या फोडणीत संपलं, आणि सासूबाईंनी त्याच दुकानातून दुसरी बाटली मागवली.