सेवा करार संपवणारी नोटीस

वारंवार मुदत चुकवणाऱ्या एजन्सीशी झालेला करार संपवणारे पत्र पानभरात मावते. ते टिकेल की नाही, हे मात्र बऱ्याच अंशी त्याआधीच्या कागदांवर ठरते. काम उशिरा होत होते तेव्हा समोरच्या पक्षाने काय लिहिले, काय मुकाट्याने स्वीकारले आणि शेवटची संधी कोणत्या शब्दांत दिली, हे सगळे पुढे तपासले जाते. या कागदांत दोष राहिला, तर करार मोडल्याचा ठपका उलट पत्र पाठवणाऱ्यावरच येऊ शकतो.

यामागचा कायदा जुना आहे. भारतीय करार कायदा, १८७२ याच्या कलम ५५ नुसार ठरल्या वेळी काम झाले नाही, तर दुसऱ्या पक्षाला करार रद्द करता येतो. पण त्यासाठी मुदत हा त्या कराराचा गाभा आहे, असा दोन्ही पक्षांचा हेतू असावा लागतो. तसा हेतू नसेल तर उशिराबद्दल फक्त नुकसानभरपाई मागता येते, करार मोडता येत नाही. याच कलमाचा शेवटचा भाग फार कमी लोक वाचतात. उशिरा आलेले काम स्वीकारताना ‘आम्ही भरपाईचा हक्क राखून ठेवत आहोत’ असे कळवले नाही, तर त्या उशिराची भरपाई नंतर मागता येत नाही.

मुदत हा गाभा आहे असे करारात छापलेले असले, तरी तेवढ्याने भागत नाही. नाशिकच्या डाव्या कालव्यासाठी आळंदी नदीवर बांधायच्या जलसेतूचे प्रकरण याचे चांगले उदाहरण आहे. कामाला बारा महिन्यांची मुदत होती आणि ती जुलै १९५६ मध्ये संपली. सरकारने ऑगस्टमध्ये कंत्राट रद्द केले. हा वाद ‘हिंद कन्स्ट्रक्शन’ खटला म्हणून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९७९ मध्ये निकाल कंत्राटदाराच्या बाजूने लागला. करारात मुदतवाढीची तरतूद होती, उशिरासाठी दंडही ठरवलेला होता. उशीर होऊ शकतो हे दोन्ही पक्षांनी आधीच धरून चालल्याची ती खूण होती, म्हणून मुदत हा गाभा ठरला नाही. अशा वेळी वाजवी नवी मुदत ठरवून ‘या तारखेपर्यंत काम झाले नाही तर करार संपेल’ अशी नोटीस द्यायला हवी होती. सरकारने ती दिली नव्हती आणि रद्द करणे बेकायदा ठरले.

हीच गोष्ट छोट्या करारांतही घडते. पुण्यातील एका गृहनिर्माण सोसायटीचे काल्पनिक उदाहरण घेऊ. सोसायटीने हिशेब लिहिण्याचे काम दरमहा ९,००० रुपयांवर एका एजन्सीला दिले. करार एप्रिलपासून वर्षभराचा होता. सभासदांची देखभाल बिले दर महिन्याच्या ५ तारखेपर्यंत आणि मागच्या महिन्याचा बँक ताळमेळ १५ तारखेपर्यंत द्यायचा होता. कोणी कसूर केली, तर ती दुरुस्त करण्यासाठी पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यायची आणि तरीही कसूर राहिली तर करार संपवायचा, असे एक कलम होते. कोणतेही कारण न देता तीस दिवसांच्या सूचनेने कोणालाही बाहेर पडता येईल, असे दुसरे कलमही होते.

जूनची बिले १९ तारखेला आली, जुलैची २२ ला आणि ऑगस्टची २७ ला. मे महिन्यानंतर बँक ताळमेळ आलाच नाही. जुलैची बिले आली तेव्हा सचिवांनी व्हॉट्सॲपवर लिहिले, ‘ठीक आहे, या महिन्याचं चालेल.’ माणसे असे सहज लिहून जातात. कायद्याच्या नजरेत मात्र या एका ओळीने ५ तारखेची धार बोथट झाली. सप्टेंबरमध्ये सोसायटीने एकदम करार संपवला असता, तर एजन्सीला म्हणता आले असते की तारखा तुम्हीच सैल केल्या होत्या, आम्हाला सावधही केले नाही.

म्हणून पहिले पत्र करार संपवणारे नसते. सोसायटीने २ सप्टेंबरला पाठवलेल्या पत्रात चारच गोष्टी होत्या. आधी चुकलेल्या तारखांचा तक्ता: काय द्यायचे होते, कधी द्यायचे होते, कधी मिळाले. मग, यापूर्वी उशिरा स्वीकारलेले काम म्हणजे मुदतवाढ नव्हे आणि यापुढे करारातील तारखा काटेकोर पाळाव्या लागतील, हे स्पष्ट विधान. त्यानंतर, जून ते ऑगस्टचे तीनही ताळमेळ हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत द्यावेत, ही मागणी. शेवटी, तसे न झाल्यास त्याच कलमाखाली करार संपवला जाईल, हा इशारा. ‘लवकरात लवकर’ असा एकही शब्द त्यात नव्हता. त्या शब्दाला तारीख नसते आणि जी मुदत मोजता येत नाही, ती चुकली हेही सिद्ध करता येत नाही.

हे पत्र टाकण्याआधी आपली बाजू तपासणे गरजेचे असते. बहुतेक नोटिसा इथे कच्च्या निघतात. करार कायद्याच्या कलम ६७ नुसार काम करून घेणाऱ्यानेच लागणाऱ्या सोयी दिल्या नाहीत, तर त्यामुळे झालेल्या कसुरीची जबाबदारी काम करणाऱ्यावर येत नाही. सोसायटीने आधीच्या महिन्याची व्हाउचरे आणि बँक स्टेटमेंट १ तारखेला द्यायची असतील आणि ती १२ तारखेला दिली असतील, तर १५ तारखेच्या ताळमेळाबद्दल कांगावा करून उपयोग नाही. सोसायटीने ई-मेल काढून पाहिले, तेव्हा जूनची व्हाउचरे खरोखरच उशिरा गेलेली आढळली. जूनच्या ताळमेळाची तक्रार तिने तक्त्यातून वगळली नाही, पण व्हाउचरे ज्या दिवशी गेली तो दिवस त्याच ओळीत लिहिला आणि पुढचा उशीर त्या दिवसापासून मोजला. तक्ता थोडा लहान दिसला, पण तो खोडून काढता येण्यासारखा राहिला नाही.

पत्र एजन्सीला ४ सप्टेंबरला मिळाले. पंधरा दिवस मिळाल्या दिवसापासून मोजायचे होते, म्हणजे मुदत १९ तारखेला संपत होती. दरम्यान सप्टेंबरची बिले १६ तारखेला आली. सोसायटीने ती घेतली, पण ‘हक्क राखून स्वीकारत आहोत’ असा एका ओळीचा ई-मेल त्याच दिवशी केला. १९ तारखेपर्यंत एकच ताळमेळ आला, तोही अपुरा. २० तारखेच्या व्यवस्थापन समितीच्या सभेत करार संपवण्याचा ठराव झाला आणि अध्यक्ष-सचिवांना सही करण्याचा अधिकार दिला गेला. ठरावाशिवाय एकट्या सचिवांनी पत्र पाठवले, तर त्यांना तो अधिकार होता का, असा वेगळाच वाद उभा राहतो.

मग २२ सप्टेंबरचे पत्र. त्याचा मुख्य भाग असा होता:

‘आपल्याशी झालेल्या करारातील कसूर-दुरुस्तीच्या कलमानुसार दि. २ सप्टेंबरच्या पत्राने आपणांस पंधरा दिवसांची मुदत दिली होती. ते पत्र आपणांस ४ सप्टेंबर रोजी मिळाले. दि. १९ सप्टेंबरपर्यंत जुलै व ऑगस्टचे बँक ताळमेळ मिळाले नाहीत आणि जूनचा ताळमेळ अपूर्ण आहे. सबब, हे पत्र मिळताच सदर करार संपुष्टात येत आहे. सोसायटीची सर्व व्हाउचरे, टॅलीचा अद्ययावत बॅकअप व पासवर्ड सात दिवसांत सोसायटीच्या कार्यालयात पोच घेऊन द्यावेत. यापुढे सोसायटीच्या वतीने कोणतेही काम करू नये.’

या मजकुरात राग नाही आणि विशेषणेही नाहीत. ‘कराराबाबत पुनर्विचार करावा लागेल’ किंवा ‘करार पुढे चालू ठेवणे कठीण दिसते’ अशी वाक्ये मवाळ वाटतात, पण त्यांनी करार संपत नाही. कोणत्या कलमाखाली, कोणत्या कसुरीमुळे आणि कोणत्या क्षणापासून, या तीन गोष्टी कळल्या की पत्र पुरे होते. कारणविरहित तीस दिवसांच्या कलमाचा उल्लेख याच पत्रात घुसडायचा मोह होतो. तो आवरावा. दोन्ही कलमांचे दिवस आणि परिणाम वेगळे असतात, आणि नेमका कोणता मार्ग घेतला हेच संदिग्ध होते. खरे तर भरपाई मागायचीच नसेल, तर तीस दिवसांचा साधा मार्ग स्वस्त आणि कमी कटकटीचा आहे. अनेक सोसायट्या केवळ ‘धडा शिकवायचा’ म्हणून अवघड वाट धरतात.

या सोसायटीला पैशाचा हिशेब करायचा होता. जुलै आणि ऑगस्टचे १८,००० रुपये देणे बाकी होते. राहिलेले ताळमेळ दुसऱ्या लेखापालाकडून करून घ्यायला ७,५०० रुपये लागतील, असे लेखी कोटेशन आले. करार कायद्याच्या कलम ७३ मध्ये अशा प्रत्यक्ष, करारभंगातून थेट उद्भवलेल्या नुकसानीचीच भरपाई मिळते, आणि नुकसान आटोक्यात ठेवण्याची संधी नुकसान झालेल्यापाशी होती का, हेही पाहिले जाते. त्यामुळे हा आकडा धरता येतो. जून ते ऑगस्टच्या उशिरा आलेल्या बिलांचे मात्र काहीच मागता येत नाही, कारण ती हक्क न राखता स्वीकारली होती. सोसायटीने वेगळ्या पत्राने ७,५०० रुपयांचा दावा सांगितला, उरलेले १०,५०० रुपये कागदपत्रे मिळताच देण्याची तयारी दाखवली आणि कोटेशनची प्रत जोडली. करारात विलंबाचा दंड ठरलेला असता, तरी तो आपोआप पूर्ण मिळाला नसता. कलम ७४ प्रमाणे ठरलेला आकडा ही कमाल मर्यादा असते, त्याच्या आत वाजवी वाटेल तेवढेच न्यायालय देते.

पत्र कसे पाठवायचे, हे करारातील नोटिशीच्या कलमात बहुधा लिहिलेले असते आणि तेच पाळावे लागते. जुन्या करारांत ‘रजिस्टर्ड ए.डी.’ असते. टपाल खात्याने २०२५ मध्ये रजिस्टर्ड टपाल सेवा स्पीड पोस्टमध्ये सामावून घेतली. म्हणून आता पोच मिळेल अशा रीतीने स्पीड पोस्टने पाठवून पावती जपून ठेवावी, सोबत करारातील ई-मेल पत्त्यावरही प्रत द्यावी. पत्ता करारातलाच असावा. एजन्सीने कार्यालय हलवले असेल, तर जुन्या आणि नव्या दोन्ही पत्त्यांवर.

पत्र गेल्यानंतरचे दोन आठवडे नाजूक असतात. एजन्सीचा फोन येतो, ‘साहेब, राहिलेलं देतो, ऑक्टोबरची बिलंही काढून देतो.’ समितीतला एखादा सभासद भिडेखातर ‘बरं, काढा’ म्हणून जातो. तेवढ्याने संपवलेला करार पुन्हा सुरू झाल्याचा युक्तिवाद तयार होतो. म्हणून त्या काळात उत्तर एकाच व्यक्तीने, लेखी द्यावे. राहिलेले ताळमेळ खरोखरच आले, तर ते कागदपत्रे परत करण्याचा भाग म्हणून घ्यावेत आणि तसे लिहून कळवावे. करारात लवादाचे कलम असेल, तर करार संपला तरी ते उरते. ७,५०० रुपयांचा वाद पुढे न्यायचाच झाला, तर आधी त्याच वाटेने जावे लागते, आणि करारभंगाच्या भरपाईसाठी साधारणपणे भंग झाल्यापासून तीन वर्षांची मुदत असते.