पराठ्याच्या पाकिटाची मागची बाजू

मलबार पराठ्याचं गोठवलेलं पाकीट घेताना समोरचा पदरापदराचा फोटो बघून झाला, की ते उलटं करावं. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापणं बंधनकारक आहे. त्यामुळे आधी मैदा, मग पाणी आणि लगेच तेल-तूप आलं, तर साखर-मीठ वगैरे सगळ्यांपेक्षा त्या स्निग्धाचं वजन जास्त, हे उघड आहे. 'व्होल व्हीट' असं समोर ठळक छापलेल्या पाकिटावरही पहिला शब्द गव्हाचं पीठ आहे की मैदा, हे इथेच कळतं.

पराठ्याला पदर सुटतात ते स्निग्धामुळे. कणकेच्या दोन थरांमध्ये ते टिकून राहावं म्हणून बरेच उत्पादक खोलीच्या तापमानाला घट्ट राहणारं स्निग्ध वापरतात. म्हणून यादीत 'पाम' किंवा 'इंटरएस्टरिफाइड व्हेजिटेबल फॅट' असे शब्द दिसतात. पूर्वी हे काम वनस्पती तूप करायचं. त्यातल्या ट्रान्स फॅटवर जानेवारी २०२२ पासून एकूण स्निग्धाच्या २ टक्क्यांची मर्यादा आहे. त्यामुळे पाकिटावर 'ट्रान्स फॅट ०' दिसलं तर फार हुरळून जाऊ नये. आता बघायचा आकडा आहे सॅच्युरेटेड फॅटचा, आणि पामतेलात जवळपास निम्मं स्निग्ध याच जातीचं असतं.

हा आकडा बहुधा १०० ग्रॅमचा दिलेला असतो. आपण मात्र पराठे मोजून खातो. समजा, पाकीट ४०० ग्रॅमचं आहे आणि त्यात पाच पराठे आहेत. म्हणजे एक ८० ग्रॅमचा. तक्त्यात १०० ग्रॅमला एकूण फॅट १४ आणि सॅच्युरेटेड ७ ग्रॅम लिहिलं असेल, तर एका पराठ्यात ते ११.२ आणि ५.६ ग्रॅम होतं. जेवताना दोन पराठे सहज जातात. मग सॅच्युरेटेड ११ ग्रॅमच्या वर गेलं. आपल्याकडच्या लेबलवरची टक्केवारी दिवसाला २,००० किलोकॅलरी, ६७ ग्रॅम फॅट आणि २२ ग्रॅम सॅच्युरेटेड फॅट धरून काढतात. म्हणजे दिवसभराचा निम्मा वाटा दोन पराठ्यांतच संपला, भाजीची फोडणी अजून धरलेलीच नाही. आणि 'पर सर्व्ह'ची टक्केवारी कमी दिसली, तर तो 'सर्व्ह' किती ग्रॅमचा धरलाय तेही बघावं. कधीकधी तो एकाच पराठ्याचा असतो.

आता प्रिझर्व्हेटिव्हचं. गोठवलेल्या पाकिटावर 'नो अ‍ॅडेड प्रिझर्व्हेटिव्ह' लिहिलेलं बहुतेक वेळा खरं असतं, पण त्यात उत्पादकाचं मोठं कौतुक नाही. उणे १८ अंशाला जंतू वाढतच नाहीत, मग प्रिझर्व्हेटिव्ह घालायचं कशाला? प्रश्न येतो तो फ्रिजच्या साध्या कप्प्यातल्या मळलेल्या कणकेचा आणि दुकानात बाहेर मांडलेल्या अर्धकच्च्या पोळ्यांचा. तिथे यादीत २८२ म्हणजे कॅल्शियम प्रोपिओनेट, २०० किंवा २०२ म्हणजे सॉर्बिक अ‍ॅसिड किंवा त्याचा क्षार दिसू शकतो. दोन्ही बुरशी रोखतात. सॉर्बिक आंबट माध्यमात जास्त चालतं, म्हणून सोबत ३३० म्हणजे सायट्रिक अ‍ॅसिड असलं तर नवल नाही. आकडा दिसला की तो प्रिझर्व्हेटिव्हच, असं मात्र नाही: ४७१ हा इमल्सिफायर आहे. आकड्याच्या आधी लिहिलेला वर्ग वाचला की घोळ होत नाही. परवानगीच्या प्रमाणातल्या या पदार्थांपेक्षा मला स्वतःला ते सॅच्युरेटेडचे ग्रॅम जास्त खटकतात.

उरली भाजण्याची सूचना, आणि आपण नेमकी तीच वाचत नाही. 'डू नॉट थॉ' लिहिलं असेल तर पराठा फ्रीजरमधून थेट तापलेल्या तव्यावर टाकायचा, अर्थात मधला प्लास्टिकचा कागद काढून. बाहेर ठेवून मऊ केला तर कणीक चिकट होते, कागद सुटत नाही आणि आतलं स्निग्ध पघळून पदर एकमेकांत बसतात. आच मध्यम ठेवावी. मोठ्या आचेवर वरून डाग पडतात आणि मधे कच्चा राहतो. बहुतेक पराठ्यांना वरून तेल लागत नाही, कारण आतलंच सुटतं. आपण सवयीने चमचाभर तूप सोडतो तेव्हा आधी केलेला हिशेब ४-५ ग्रॅमने चढतो. आलू पराठा असेल तर मधलं सारण वाफाळेपर्यंत भाजावा. मायक्रोवेव्हची सूचना पाकिटावर नसेल तर त्या वाटेला जाऊच नये. पराठा चिवट होतो.

विकत घेतानाच पाकीट हाताने चाचपावं. पराठे एकमेकांना चिकटून गठ्ठा झालेले असतील किंवा आत बर्फाचे खडे खुळखुळत असतील, तर माल वाटेत वितळून पुन्हा गोठलेला असण्याची दाट शक्यता आहे. तारीख कितीही पुढची असली, तरी असं पाकीट दुकानातच ठेवून यावं.