कागदावरचे अक्षर विद्यार्थ्याच्या पडद्यापर्यंत: काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

दहावीच्या गणिताचा ऑनलाइन तास डोळ्यांसमोर ठेवू. वर्गसमीकरणांचा धडा चालू आहे, बाई A4 कागदावर सूत्र लिहीत आहेत आणि वर लटकवलेला फोन ते टिपतो आहे.

x = (−b ± √(b² − 4ac)) / 2a

यातल्या b वरचा घातांक हाताने लिहिताना जेमतेम २ मिलिमीटर उंचीचा होतो. विद्यार्थ्याला तो २ वाचता आला, तर बाकी सगळे वाचता येते. देवनागरीत हीच कसोटी अनुस्वाराची, रफाराची आणि उकाराची. म्हणून मांडणी बरोबर आहे की नाही हे मोठ्या अक्षरांवरून ठरवू नये. सर्वांत बारीक खूण पलीकडे पोचते का, एवढेच पाहावे.

गैरसमज: माझ्या पडद्यावर स्वच्छ दिसते, म्हणजे मुलांनाही दिसत असणार

शिक्षकाला स्वतःच्या पडद्यावर जे दिसते ते कॅमेऱ्यातून थेट आलेले चित्र असते. मुलांकडे जाणारे चित्र त्यानंतर दाबून लहान केले जाते. इंटरनेटचा वेग कमी असेल तर ते आणखी दाबले जाते. झूमवर बरीच मुले असलेल्या तासात पुष्कळदा फक्त ६४०×३६० ठिपक्यांचे चित्र जाते, कॅमेरा कितीही चांगला असला तरी.

नेमके काय जाते आहे हे संगणकावरच्या झूममध्ये पाहता येते. तास चालू असताना Settings मध्ये Statistics उघडा आणि त्यातला Video हा भाग बघा. तिथे जाणाऱ्या आणि येणाऱ्या चित्राचे रिझोल्यूशन आकड्यांत दिसते. याहून खात्रीचा उपाय म्हणजे घरातला एखादा साधा फोन मोबाइल डेटावर ठेवून त्यावरून विद्यार्थी म्हणून तासात शिरणे. वायफाय बंद ठेवा, कारण मुलांपैकी अनेक जण तसेच बसलेले असतात.

गैरसमज: जास्त मेगापिक्सेलचा कॅमेरा घेतला की प्रश्न सुटेल

सर्वांत जास्त पैसे याच समजुतीपायी वाया जातात, म्हणून इथे थोडा हिशेब करू.

चित्र १२८०×७२० ठिपक्यांचे आहे असे धरू. A4 कागद उभा ठेवला आणि तो पूर्ण दिसावा म्हणून फोन उंच नेला, तर कागदाची २९७ मिलिमीटर उंची ७२० ठिपक्यांत बसवावी लागते. कागदाच्या एका मिलिमीटरला सुमारे २.४ ठिपके मिळतात आणि आपला घातांक पाच ठिपक्यांत उरतो. चित्र दाबले गेले की ते पाच ठिपके एकमेकांत मिसळतात आणि b² व b यांत फरक कळेनासा होतो. ३६० ओळींच्या चित्रात तर त्या घातांकाला अडीच ठिपकेच मिळतात. तो नसल्यात जमा.

आता तोच फोन खाली आणा आणि पूर्ण कागदाऐवजी त्याची आडवी पट्टीच दिसू द्या: रुंदी पूर्ण २१ सेंटिमीटर, उंची १२ सेंटिमीटरच्या आसपास. एका मिलिमीटरला सहा ठिपके मिळतात आणि घातांक बारा ठिपक्यांचा होतो. चित्र ३६० ओळींवर घसरले तरी त्याला सहा ठिपके उरतात. दुसरीकडे १०८० ओळींचा महागडा वेबकॅम घेऊन पूर्ण पान दाखवले, तर मिलिमीटरला साडेतीनच्या थोडे वर, म्हणजे घातांकाला सातच ठिपके. म्हणजे पट्टी दाखवणारा साधा कॅमेरा पूर्ण पान दाखवणाऱ्या महाग कॅमेऱ्याला सहज मागे टाकतो.

मुलाच्या हातातल्या फोनचा विचार केला तर ही पट्टी आणखी पटते. साडेसहा इंची फोन आडवा धरला की त्याच्या पडद्याची उंची सात सेंटिमीटरही भरत नाही. तेवढ्यात तीस सेंटिमीटरचे पान मावले, तर ३ मिलिमीटरचे अक्षर पाऊण मिलिमीटरवर येते. ठिपके कितीही असोत, एवढे बारीक अक्षर डोळ्यांना वाचवत नाही. पट्टी दाखवली तर तेच अक्षर पावणेदोन मिलिमीटरच्या आसपास राहते, साधारण पुस्तकातल्या बारीक छपाईएवढे.

पट्टीवर लिहायचे तर सवय थोडी बदलावी लागते. हात जागेवर ठेवायचा आणि कागद वर सरकवायचा. कॅमेऱ्यात दिसणाऱ्या चौकटीचे चार कोपरे टेबलावर चिकटपट्टीने खुणावून ठेवा, म्हणजे ओळ बाहेर गेली की लगेच कळते. कागद सरकवल्यावर क्षणभर थांबा, कारण हलत्या चित्रात बारकावे आधी जातात आणि चित्र स्थिर झाल्यावरच परत येतात. मागची पायरी मुलांना पुन्हा बघायची असेल तर कागद खाली ओढून दाखवा. त्यासाठी सगळे पान कायम पडद्यावर ठेवू नका.

पेनाचाही हिशेब याच मापाचा आहे. साध्या बॉलपेनची रेघ अर्ध्या मिलिमीटरहून बारीक असते. पूर्ण पानाच्या मांडणीत तिला एकच ठिपका मिळतो, म्हणून ती तुटक आणि राखाडी दिसते. १ मिलिमीटर टोकाचे काळे स्केचपेन घ्या आणि अक्षर नेहमीपेक्षा थोडे मोठे काढा. काळेच का, त्यालाही कारण आहे. व्हिडिओ दाबताना उजेड-अंधाराची माहिती पूर्ण ठेवली जाते, रंगाची मात्र आडवी-उभी दोन्हीकडून निम्मी केली जाते. त्यामुळे बारीक लाल किंवा हिरवी रेघ काळ्या रेघेपेक्षा लवकर फिसकटते. रंग अधोरेखनापुरता आणि आकृतीच्या जाड बाजूंपुरता वापरा.

गैरसमज: लॅपटॉपचे झाकण खाली वाकवले किंवा फोनचा पुढचा कॅमेरा वापरला की भागते

लॅपटॉपचा कॅमेरा बहुधा एकाच ठरावीक अंतरासाठी फोकस केलेला असतो, समोर बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यासाठी. वीस सेंटिमीटरवरचा कागद त्याला धूसरच दिसतो आणि कोणत्याही सेटिंगने तो सुधारत नाही. लॉजिटेकचा सी२७० हा लोकप्रिय वेबकॅमही स्थिर फोकसचाच आहे, सी९२० मात्र स्वतः फोकस बदलतो. विकत घेण्याआधी ऑटोफोकस आहे का, एवढे नक्की विचारा. अनेक साध्या फोनच्या पुढच्या कॅमेऱ्याचीही हीच अडचण असते. मागचा मुख्य कॅमेरा ऑटोफोकसचा असतो, तोच वापरा. टांगण्याआधी भिंग मऊ कापडाने पुसा, कारण खिशातल्या फोनच्या भिंगावर बोटांचा तेलकटपणा असतोच आणि त्याने काळी अक्षरे फिकी पडतात.

ऑटोफोकसचा एक त्रास मात्र आहे. हात चौकटीत आला की कॅमेरा कागद सोडून हाताच्या पाठीवर फोकस करतो, मग परत कागदावर येतो. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला अक्षर धूसर होऊन पुन्हा स्पष्ट होत असेल, तर कारण हेच समजा. फोनला संगणकाचा वेबकॅम बनवणाऱ्या ड्रॉइडकॅमसारख्या ॲपमध्ये फोकस कागदावर धरून तिथेच कुलूपबंद करता येतो.

उंचीचा प्रश्नही इथेच येतो. मुख्य कॅमेऱ्यात २१ सेंटिमीटरची पट्टी चौकट भरून यावी, तर फोन कागदापासून सोळा-सतरा सेंटिमीटरवर असावा लागतो. एवढ्या उंचीवर पेनाचे टोक फोनला लागते, फोनची सावली कागदावर पडते आणि फोकसही सतत हलतो. फोन तीस सेंटिमीटरच्या आसपास ठेवा आणि ॲपमध्ये दुप्पट झूम करा. झूमने चित्र बिघडते ही धास्ती इथे लागू पडत नाही. १२ मेगापिक्सेलच्या सेन्सरची रुंदी सुमारे ४००० ठिपक्यांची असते. तिचा मधला अर्धा भाग घेतला तरी २००० उरतात आणि आपल्याला पाठवायचे आहेत १२८०. ज्या ॲपमध्ये झूमच मिळत नाही, तिथे अक्षर दुप्पट मोठे काढणे हा एकच उपाय उरतो.

स्टँड विकतचाच हवा असे नाही. २०२० साली पुण्यातल्या एका रसायनशास्त्राच्या शिक्षिकेने कपडे अडकवायचा हँगर कापडी पट्ट्यांनी बांधून फळ्यासमोर फोन टांगला होता. त्याच काळात दोन डब्यांवर फ्रिजची पारदर्शक ट्रे आडवी ठेवून, तिच्यावर फोन आणि खाली वही, अशी जोडणीही बरीच गाजली. ही दुसरी युक्ती उत्तम आहे, फक्त भिंग ट्रेच्या कडेबाहेर येऊ द्या. नाहीतर ट्रेवरचे ओरखडे आणि दिव्याची प्रतिबिंबे अक्षरांवर येऊन बसतात.

गैरसमज: उजेड जितका जास्त तितके चांगले

उजेड किती यापेक्षा तो कुठून येतो हे महत्त्वाचे. दिवा बरोबर डोक्यावर असेल तर फोनची आणि हाताची सावली नेमकी लिहिण्याच्या जागी पडते. फोनचाच फ्लॅश लावला तर कागदाच्या मध्यभागी पांढरा डाग उमटतो आणि तिथली अक्षरे पुसली जातात. उजव्या हाताने लिहिणाऱ्यांनी दिवा डाव्या बाजूला, किंचित पुढे, तिरका ठेवावा. डावखुऱ्यांनी उलट. गुळगुळीत कागद आणि पेन्सिल दोन्ही चमकतात, म्हणून साधा झेरॉक्सचा कागद बरा.

कागद राखाडी दिसत असेल तर दिवा वाढवण्याआधी एक्स्पोजर थोडे वर न्या. चौकटभर पांढरा रंग दिसला की कॅमेरा चित्र आपोआप गडद करतो. चित्रात आडवे काळसर पट्टे सरकत असतील, तर दोष कागदाचा नाही. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे आणि कॅमेऱ्याची सेटिंग ६० वर राहिलेली असते. ती ५० केली की बहुधा पट्टे जातात.

गैरसमज: मुलांना अक्षर उलटे दिसते

आरशासारखे उलटे चित्र शिक्षकाला दिसते, मुलांना नाही. झूममधले Mirror my video फक्त आपल्या पडद्यापुरते आहे. कॅमेऱ्याच्या ॲपमधली उलट करण्याची सेटिंग मात्र खरोखरच चित्र उलटवते, तिला हात लावू नका. चित्र आडवे किंवा डोक्यावर उभे दिसत असेल तर कारण वेगळे. फोन जमिनीला समांतर असला की त्याची कोणती बाजू वर हे त्याच्या सेन्सरला ठरवता येत नाही. आधी फोन आडवा करून डोळ्यांसमोर उभा धरा, चित्र फिरू द्या, फिरणे बंद करा आणि मग टांगा.

हे सगळे जमूनही अक्षर पुसट जात असेल, तर वाट बदलून पाहा. फोनचे चित्र संगणकावरच्या एका खिडकीत उघडा आणि Share Screen मधून ती खिडकी दाखवा. Optimize for video clip बंद ठेवा. पडदा शेअर केला की झूम हालचालीपेक्षा अक्षरांच्या स्पष्टतेला जपते. हात थोडा धक्क्याधक्क्याने हलताना दिसतो आणि आवाज लिखाणाच्या किंचित पुढे धावतो, पण घातांक शाबूत राहतो. फोन तासात वेगळा सदस्य म्हणून जोडला असेल, तर त्याचा माइक आणि स्पीकर दोन्ही बंद ठेवा, नाहीतर आवाज घुमतो. नंतर विद्यार्थी म्हणून ठेवलेला तो साधा फोन उचला आणि b वरचा २ वाचता येतो का ते बघा.