पहिल्या दिवसाचे स्वागतपत्र

पुण्या-मुंबईहून दुबईच्या एखाद्या कार्यालयात रुजू होणाऱ्या सहकाऱ्यासाठी स्वागतपत्र लिहिताना काय सांगावे यापेक्षा काय मागे ठेवावे हा प्रश्न अधिक कठीण असतो, आणि त्याचे उत्तर बरेचसे तेथील कागदपत्रांच्या क्रमात दडलेले आहे. प्रवेश परवान्यावर संयुक्त अरब अमिरातीत आलेल्या नोकरदाराची आधी वैद्यकीय तपासणी होते, बोटांचे ठसे घेतले जातात आणि त्यानंतर ‘एमिरेट्स आयडी’, म्हणजे प्रत्येक रहिवाशाला सक्तीचे असलेले ओळखपत्र, हाती येते. पगाराचे बँक खाते किंवा घराचा भाडेकरार ही कामे बहुधा त्या कार्डावाचून पुढे सरकत नाहीत. साहजिकच, ज्या पत्रात या साऱ्याची यादी असते ते पत्र नवख्याला पहिल्याच सकाळी करता न येणारी कामे सांगून घाबरवते.

पुरेसे पत्र साधारण असे असते: ‘नमस्कार, आपले स्वागत. उद्या नऊ वाजता या, स्वागतकक्षात आमच्यापैकी एक जण थांबेल. पासपोर्ट सोबत आणा. तो पाहून लगेच परत दिला जाईल. एक वाजता सगळे मिळून जेवायला जातो, डबा आणला तरी चालेल. वैद्यकीय तपासणीची वेळ ठरली की कळवू. बाकीचे पुढच्या आठवड्यात.’

यातले पासपोर्टचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे मानावे लागेल. मालकाने कामगाराची अधिकृत कागदपत्रे अडकवून ठेवण्यास 2021 च्या कामगार कायद्याने मनाई केली आहे, परंतु आखाताविषयीच्या जुन्या गोष्टी ऐकून आलेल्या माणसाला नुसते ‘पासपोर्ट आणा’ एवढेच वाचून धास्ती वाटणे स्वाभाविक आहे. उलट, परिवीक्षेचा, म्हणजे कामाची पारख करण्याचा, काळ सहा महिन्यांपर्यंत असू शकतो आणि त्यात मालकाला चौदा दिवसांच्या लेखी सूचनेने नोकरी संपवता येते, हा तपशील खरा असला तरी त्याची जागा करारात आहे. स्वागतपत्रात तो धमकीसारखा वाचला जातो.

सुट्टीचा उल्लेख मात्र एका ओळीत करावा, कारण 1 जानेवारी 2022 पासून संघराज्याच्या सरकारी कार्यालयांत शनिवार-रविवार पूर्ण आणि शुक्रवारी दुपारनंतर सुट्टी असते, शारजाच्या सरकारी कचेऱ्यांना शुक्रवारपासून तीन दिवस असते आणि खासगी कंपन्या आपापले ठरवतात, त्यामुळे घरी पहिला शुक्रवार कसा असेल हे सांगताना नवखा गोंधळतो. व्हॉट्सअ‍ॅपवर संदेश जातात पण कॉल सहसा लागत नाहीत, हेही तोंडी सांगून ठेवल्यास संध्याकाळी गावाकडचे लोक काळजीत पडत नाहीत.

पत्र जड झाले की नाही याची खूण सोपी आहे: त्यात लिहिलेलेच नवखा पुन्हा विचारू लागला, तर ते वाक्य गर्दीत हरवले असे समजावे आणि पुढच्या माणसाच्या पत्रात ते वर घ्यावे.