स्क्रंची ते गजरा : केसांना कोण कसं धरतं?

ड्रेसिंग टेबलच्या खणात चौघं एकत्र राहतात, पण प्रत्येकाची कामाची रीत वेगळी. स्क्रंची केस आवळते, क्लचर चिमटीत पकडतो, हेअरबँड दाबून बसतो आणि गजरा स्वतः काहीच धरत नाही, त्यालाच धरावं लागतं. ही पकड एकदा कळली, की कोणती वस्तू डोक्यावर कुठे शोभेल आणि कुठून घसरेल, हे आरशाआधीच सांगता येतं.

स्क्रंची : पायजम्याच्या कमरेवरून सुचलेली

१९८६ साली रॉमी रेव्हसन या अमेरिकन गायिकेला आपल्या नाजूक केसांना न ओढणारं काहीतरी हवं होतं. पायजम्याच्या कमरेला कापडाच्या आत इलॅस्टिक असतं, ते पाहून तिला युक्ती सुचली. पुढच्याच वर्षी तिने पेटंट घेतलं. अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संग्रहालयात आज सुरुवातीची स्क्रंची जपून ठेवली आहे.

स्क्रंचीची गंमत मापात आहे. आतलं इलॅस्टिक साधारण २० सेंटीमीटर आणि वरची कापडी नळी ५० ते ५५ सेंटीमीटर, म्हणजे अडीचपट किंवा थोडी जास्त. हे जास्तीचं कापड गोळा होऊन चुण्या पडतात, आणि इलॅस्टिकचा ताण एका बारीक रेघेवर न येता रुंद पट्ट्यावर पसरतो. म्हणूनच साध्या रबरासारखा केसांवर खोल वळ उठत नाही.

कापडानुसार जागा ठरते. मखमलीची लव केसांना धरून राहते, म्हणून उंच पोनीटेलला मखमल घ्यावी. शेपटी उठून दिसते आणि चेहरा उभट भासतो. साटन निसरडं, ते उंच पोनीला टिकत नाही, पण रात्री झोपताना डोक्यावर सैल बुचडा बांधायला उत्तम, कारण उशीवर केस घासले तरी गुंतत नाहीत. खणाच्या उरलेल्या तुकड्याची स्क्रंची मानेजवळच्या खालच्या पोनीवर खुलते, पाठीवर काठाची रेघ दिसते. चुण्या सपाट पडल्या आणि तिसरा वेढा घ्यावा लागला, की समजायचं इलॅस्टिक गेलं. शिवण दोन बोटं उसवून नवं घातलं, की तीच स्क्रंची पुन्हा कामाला लागते.

क्लचर : कंगवे दोन, स्प्रिंग एक

बाहेरच्या जगात ज्याला क्लॉ क्लिप म्हणतात तो आपला क्लचर. दातांच्या दोन कंगव्यांना बिजागरीने जोडायचं आणि मध्ये स्प्रिंग बसवायची, एवढीच रचना. तो दोन प्रकारच्या प्लास्टिकचा मिळतो. स्वस्त क्लचर साच्यात ओततात. साच्याचे दोन भाग जिथे जुळतात तिथे दातांच्या कडेला बारीक उंचवटा राहतो, केस अडकतात ते तिथेच. दुकानात नख फिरवून पाहावं; खरखर लागली तर परत ठेवावा. सेल्युलोज असिटेटचा क्लचर कापसाच्या किंवा लाकडाच्या लगद्यातल्या सेल्युलोजपासून बनतो. तो पत्र्यातून कापून घासून गुळगुळीत करतात आणि तो किंचित लवतो. कासवाच्या पाठीसारखी तपकिरी नक्षी बहुधा यातच दिसते.

क्लचर घसरण्याचं कारण बहुतेकदा क्लचर नसतोच, लावण्याची पद्धत असते. सगळे केस पिळून त्या पिळालाच चिमटा लावला, तर तो फक्त पिळालाच धरतो आणि दोन्ही मिळून खाली येतात. त्याऐवजी केस मानेजवळ गोळा करून वरच्या दिशेने पिळावेत, पीळ डोक्याला घट्ट टेकवावा, आणि क्लचरच्या एका बाजूचे दात पीळ आणि टाळू यांच्यामध्ये सरकवावेत. त्या दातांत डोक्यालगतचे थोडे केस आले, की क्लचर हलत नाही. वर सुटलेली टोकं कारंज्यासारखी मोकळी ठेवली तर घरगुती, सैल रूप. आत खोवली तर ऑफिसला साजेसं नीटस.

एक मर्यादा मात्र आहे. मोठा क्लचर मागे लावून हेल्मेट बसत नाही आणि एसटीच्या सीटला डोकं टेकवता येत नाही. स्कूटरवरच्या दिवशी खालची पोनीच बरी.

हेअरबँड : कानामागचा दाब

इंग्लंडमध्ये हेअरबँडला ॲलिसच्या नावाने ओळखतात, कारण १८७१च्या ‘थ्रू द लुकिंग ग्लास’मध्ये चित्रकार जॉन टेनिअल यांनी तिच्या केसांवर पट्टा दाखवला होता.

कडक हेअरबँड दोन टोकांच्या दाबावर उभा असतो, आणि दुखतं तेही तिथेच. टोकं कानामागच्या हाडावर रुतली, की ठणका सुरू होतो. बाहेरून येणाऱ्या दाबामुळे होणारी डोकेदुखी हा वैद्यकशास्त्राने नोंदवलेला प्रकार आहे. पट्टा काढल्यावर ती तासाभरात थांबते. म्हणून विकत घेताना टोकं हाडावर न येता त्याच्या खाली टेकतात का, ते पाहावं.

जागा दोन बोटांनी बदलली तरी रूप बदलतं. कपाळाच्या केशरेषेलगत बसवला तर चेहरा पूर्ण मोकळा आणि शाळकरी दिसतो. दोन-तीन बोटं मागे सरकवून पुढचे केस हलकेच फुगवले, तर डोक्याला उंची मिळते. खेळताना टॉवेलच्या कापडाचा पट्टा थेट कपाळावर घालतात, कारण त्याचं काम घाम टिपण्याचं.

गजरा : ताज्या कळीचं गणित

मोगऱ्याच्या कळ्या सकाळी मिटलेल्या असतानाच तोडतात, संध्याकाळी त्या उमलतात आणि वास भरात येतो. म्हणून लग्नाच्या संध्याकाळसाठी दुपारी घेतलेला गजरा घट्ट कळ्यांचा, हिरव्या देठांचा हवा. कडा तपकिरी झाल्या असतील, तर फुलं दाबली गेलेली किंवा कालची. घरी आणल्यावर पाणी ओतू नये. ओलसर फडक्यात गुंडाळून, डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवावा.

अबोलीला वास नाही, पण रंग आणि टिकाऊपणा भरपूर, म्हणून ती मोगऱ्यात मधूनमधून गुंफतात. कोकणात मार्च-एप्रिलकडे सुरंगी फुलते. तिच्या कळ्यांचा वळेसार सुकला तरी दरवळत राहतो.

आता मापाचं उदाहरण. १० सेंटीमीटर रुंदीच्या अंबाड्याला पूर्ण वेढा घालायचा तर सुमारे ३१ सेंटीमीटर, म्हणजे साधारण दीड वीत गजरा लागतो. अर्ध्या वेढ्याला पाऊण वीत पुरतो. पूर्ण वेढा नऊवारीवर भरगच्च दिसतो. अंबाड्याखालची अर्धी कड सहावारीवर नेटकी, शिवाय समोरून कानामागे फक्त पांढरी किनार डोकावते. मोकळ्या वेणीवर माळायचा असेल तर तो दुमडून वेणीच्या मुळाशी अडकवतात आणि दोन्ही पदर खाली सोडतात.

यू पिन फुलात खुपसली तर कळी गळते. ती दोऱ्यावरून घ्यावी, आधी दोन टोकांना, मग मध्ये, आणि अंबाड्याच्या केसांत तिरकी रुतवावी.

केस खांद्याइतकेच असतील आणि अंबाडा होत नसेल, तर खाली पोनी बांधून त्यावर मखमली स्क्रंची घालावी आणि गजरा तिच्याभोवती गुंडाळावा. पिनांना धरायला चुण्यांचं कापड मिळतं, आणि आखूड केसांवरही गजरा रात्रीच्या पंगतीपर्यंत जागचा हलत नाही.